डिस्चार्ज कार्डावरचा औषधांचा तक्ता कसा वाचायचा?

नौपाड्यातल्या एका घराचं उदाहरण घेऊ. शहात्तर वर्षांच्या आजी, हृदय कमजोर, जोडीला बीपी आणि मधुमेह. आज डिस्चार्ज मिळाला. कार्डावरच्या तपासण्या सवडीने वाचल्या तरी चालतील, पण औषधांचा तक्ता आज रात्रीपासूनच लागणार आहे.

पहिली ओळ : फ्युरोसेमाइड 40 एमजी, 1-1-0. हे आकडे सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने वाचायचे. ही लघवीची गोळी. अंगात साठलेलं पाणी ती बाहेर काढते. तासाभरात काम सुरू होतं आणि साधारण सहा तास चालतं. रात्रीचा रकाना शून्य आहे तो त्यासाठीच. दुपारची राहिली म्हणून रात्री दिली, तर आजी अंधारात चार वेळा उठतील आणि बाथरूमच्या ओल्या फरशीवर पडण्याची भीती.

पुढे अ‍ॅटोरवास्टॅटिनसमोर ‘एचएस’ आहे, म्हणजे झोपताना. ‘ओडी’ दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा. नुसतं ‘ओडी’ असेल तर एकदा म्हणजे नेमकं कधी, हे सिस्टरना विचारून तिथेच लिहून घ्या.

पॅरासिटामॉल 500 एमजीपुढचं ‘एसओएस’ पाहून लोक दचकतात. बुडत्या जहाजाशी त्याचा काही संबंध नाही. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘गरज पडली तर’. दुखलं किंवा ताप आला तरच द्यायची. दोन गोळ्यांत किती तासांचं अंतर आणि दिवसात जास्तीत जास्त किती, हे मात्र या तीन अक्षरांत नसतं. ते विचारावंच लागतं.

सगळ्यात फसवी नोंद ‘सीएसटी’ : आधीचीच औषधं चालू ठेवा. आधीची कुठली? घरच्या डब्यात अ‍ॅम्लोडिपिन 5 एमजी एका कंपनीच्या नावाने आहे, नव्या यादीत तेच औषध दुसऱ्या नावाने. दोन्ही चालू राहिल्या तर डोस दुप्पट. मग बीपी उतरून चक्कर येते, पाय सुजतात, आणि पायांची सूज पाहून घरच्यांना वाटतं, हृदयाचंच दुखणं परत वाढलं. म्हणून जुना डबा वॉर्डात घेऊन जा आणि पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेलं मूळ औषधाचं नाव जुळवा.

शेवटची ओळ इन्सुलिनची : 14-0-8. इथे आकडे गोळ्यांचे नाहीत, युनिटचे आहेत. हाताने लिहिताना युनिटसाठी काढलेला ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि 8 चे 80 वाचले जातात. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहून मागा. सिरिंजही पाहा. लाल टोपणाची सिरिंज एका मिलीलिटरमध्ये 40 युनिट असलेल्या बाटलीसाठी असते. पेनच्या कार्ट्रिजमध्ये साधारणतः एका मिलीलिटरमागे 100 युनिट असतात. त्यातलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने 14 च्या खुणेपर्यंत ओढलं, तर आजींना 35 युनिट जातील. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं ही साखर उतरल्याची लक्षणं. शुद्धीवर असतील तर लगेच साखरेचं पाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता 108 ला फोन करा.