कंपनीच्या वेबसाइटवर सूचना लावायची आहे? खातं, कागदपत्रं आणि मंजुरीची पद्धत

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची वेबसाइट वर्डप्रेसवर चालते. तिच्यावर खरेदीचे दिवस, दर, ओलाव्याची मर्यादा, बियाणे वाटप, सभेच्या नोटिसा असं सगळं लागतं. बहुतेक मजकूर आदल्या दिवशी तयार होतो आणि ठरलेल्या वेळी आपोआप लागतो, कारण सभासद सकाळी गाडी भरायच्या आधी मोबाइल पाहतात. दोन वर्षांपासून नियम असा आहे की व्यवस्थापकांनी वाचून मंजूर केल्याशिवाय काहीही वेळेवर लावून ठेवायचं नाही. वेबसाइटचं तांत्रिक काम माझ्याकडे असल्याने नवीन मुलं-मुली मलाच विचारतात, "भाऊ, मले खातं कसं भेटन?" म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

खातं कोणाला मिळतं

कंपनीचा कर्मचारी, संचालक किंवा खरेदी केंद्रावर नेमलेला माणूस अर्ज करू शकतो. अर्ज साध्या कागदावर चालतो. त्यात नाव, पद, मोबाइल नंबर, स्वतःचा ईमेल आणि कोणत्या विषयाच्या सूचना लिहिणार हे लिहायचं. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स आणि नेमणुकीच्या पत्राची किंवा ठरावाची प्रत लावायची. खाली व्यवस्थापकांची सही पाहिजे. ईमेल स्वतःचाच हवा, केंद्रावरचा सामायिक चालत नाही. एका खात्यात तिघांनी लिहिलं तर चुकीची ओळ कोणाची हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि एकाने काम सोडलं की पासवर्ड बदलायचं राहूनच जातं.

नवीन माणसाला आम्ही `Contributor` ही भूमिका देतो. ही भूमिका असलेला माणूस लिहू शकतो आणि स्वतःचा मजकूर दुरुस्त करू शकतो, पण त्याच्यासमोर `Publish` ऐवजी `Submit for Review` हे बटण येतं. तारीख-वेळ ठरवायची जागा त्याला दिसतच नाही. व्यवस्थापकांकडे `Editor` ही भूमिका आहे. वेळ तेच लावतात.

यांच्या मधे `Author` नावाची एक भूमिका आहे आणि तिथेच आम्ही फसलो.

झालं असं, की `Contributor`ला फोटो चढवता येत नाही. केंद्रावरच्या ताईंचा फोन आला, "काय करू भाऊ, फोटो चढूनच नाही राहिला." मी घाईत होतो, त्यांची भूमिका `Author` केली. फोटो चढला, ताई खूश, मीही विसरलो. पण `Author`ला स्वतःचा मजकूर प्रसिद्ध करता येतो आणि पुढची वेळ लावूनही ठेवता येतो. मंजुरीची पायरी त्या एका बदलाने गायब झाली, आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण ताई नेहमीप्रमाणे व्यवस्थापकांना आधी विचारतच होत्या.

मग सोयाबीनच्या खरेदीची सूचना आली. व्यवस्थापक जिल्ह्याला मीटिंगमध्ये होते, फोन लागत नव्हता. ताईंनी मागच्या हंगामाची सूचना कॉपी केली, तारखा बदलल्या, ओलावा १२ टक्क्यांपर्यंत ही ओळ बरोबर ठेवली आणि सकाळी सहाची वेळ लावली. दर मात्र जुनाच राहिला. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ चा ५,३२८. म्हणजे क्विंटलमागे ४३६ रुपयांचा फरक, आणि तोही आमच्याच वेबसाइटवर. साडेनऊला मी दुरुस्ती केली, पण तोवर जुन्या दराचा स्क्रीनशॉट व्हाट्सॲपवर गावोगाव फिरला होता. दुरुस्त झालेलं पान कोणी पाठवत नाही. एका सभासदाने "हमीभाव काही वाढला नाही" असं म्हणत ११ क्विंटल गावातल्या व्यापाऱ्याला देऊन टाकले. त्यांना काय उत्तर द्यायचं, हे मला आजही सुचत नाही.

त्यानंतर मी ताईंची भूमिका परत `Contributor` केली आणि फोटोची अडचण वेगळी सोडवली. त्या भूमिकेला फक्त फोटो चढवायची परवानगी जोडता येते. ही ओळ एकदाच चालवायची असते, परवानगी डेटाबेसमध्ये साठून राहते:

```php
get_role('contributor')->add_cap('upload_files');
```

ज्यांना कोडला हात लावायचा नाही त्यांनी फोटो व्हाट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे तो बारीक होत नाही. मी किंवा व्यवस्थापक तो लावतो. पण फोटोसाठी भूमिका वाढवून मागू नका, मिळणार नाही.

सूचनेसोबत काय लागतं

प्रत्येक सूचनेमागे एक कागद असलाच पाहिजे. दर किंवा खरेदीची तारीख असेल तर परिपत्रकाची प्रत, जावक क्रमांक आणि तारीख दिसेल अशी. कोणीतरी फॉरवर्ड केलेला मेसेज हा कागद धरला जात नाही. सभासदाचा फोटो किंवा नाव असेल तर त्याची लेखी संमती. सभेची नोटीस असेल तर संचालक मंडळाचा ठराव. इथे दिवस मोजूनच पाठवा: उत्पादक कंपनीच्या सर्वसाधारण सभेला किमान १४ दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते, आणि वेबसाइटवर लावलं म्हणून ती पोस्टाने किंवा हातोहात द्यायची सुटत नाही.

सोबत एक चिठ्ठी द्यायची. तिच्यावर शीर्षक, कोणत्या दिवशी किती वाजता लागावं, कधीनंतर काढावं आणि कोणत्या कागदाच्या आधारे लिहिलं एवढंच. वेळ चिठ्ठीवर लिहायची कारण `Contributor`ला ती स्क्रीनवर टाकता येत नाही. काही जण "सोमवारी ७ वाजता लावा" असं मजकुरातच पहिल्या ओळीत लिहायचे. एकदा तसंच्या तसं प्रसिद्ध झालं आणि सभासदांनी फोन करून विचारलं, "सोमवारी काय लावाचं आहे?"

व्यवस्थापक काय पाहतात

`Submit for Review` दाबलं की सूचना यादीत `Pending` म्हणून जाते. वर्डप्रेस व्यवस्थापकांना याचा ईमेल पाठवत नाही, हे नवीन लोकांना माहीतच नसतं. पाठवलं म्हणजे त्यांनी पाहिलं, असं समजू नका. चिठ्ठीचा फोटो त्यांना व्हाट्सॲपवर पाठवा आणि "पाहिलं" असं उत्तर येईपर्यंत ते काम तुमचंच आहे. खरेदीची सूचना निदान आदल्या दिवशी दुपारी दोनपर्यंत द्या. संध्याकाळी लाइन गेली की आमच्याकडे टॉवरही जातो.

व्यवस्थापक सूचना उघडून परिपत्रक शेजारी ठेवतात आणि आकडे एकेक करून जुळवतात. आधी दर, मग तारीख आणि वार जुळतात का, मग केंद्राचं नाव. भाषा शेवटी. काही चुकलं तर ते सूचना `Draft` करून परत पाठवतात आणि फोनवर कारण सांगतात.

एक बारीक गोष्ट. `Pending` असताना लिहिणाऱ्याला आपला मजकूर बदलता येतो. म्हणजे व्यवस्थापकांनी सकाळी मोबाइलवर वाचलं, दुपारी लिहिणाऱ्याने एक ओळ बदलली आणि संध्याकाळी मंजुरी दिली, तर ती ओळ कोणीच तपासलेली नसते. म्हणून मंजुरीच्या वेळी आमचे व्यवस्थापक `Revisions` उघडून शेवटचा बदल किती वाजता झाला ते पाहतात.

सगळं बरोबर असलं की ते चिठ्ठीवरची तारीख-वेळ टाकतात. वेळ पुढची असली की `Publish` बटणाचं `Schedule` होतं. ते दाबल्यावर `Contributor`ला त्या सूचनेला हात लावता येत नाही. नंतर दर बदलला, पाऊस आला, बारदाना संपला, काहीही झालं तरी व्यवस्थापकांना फोन करायचा, ते सूचना परत `Draft` करतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. ते बाहेरगावी असतील तर `Editor` भूमिका एका संचालकांकडेही आहे. मात्र स्वतः लिहिलेलं स्वतःच मंजूर करायचं नाही, हे दोघांनाही लागू आहे.

मंजूर झालं, पण लागलंच नाही

हे दोन कारणांनी होतं. पहिलं म्हणजे टाइमझोन. वेबसाइट नवीन असताना `Settings` → `General` मध्ये `Timezone` हा `UTC+0` असतो. तो `Kolkata` केला नाही तर सकाळी नऊची सूचना दुपारी अडीचला लागते. साडेपाच तासांचा नेमका फरक दिसला की कारण हेच, दुसरीकडे शोधू नका.

दुसरं कारण म्हणजे वर्डप्रेसचं घड्याळ स्वतःहून चालत नाही. कोणीतरी वेबसाइट उघडली की ते वेळ झालेल्या सूचना तपासतं. पहाटे कोणी आलंच नाही, किंवा कॅशमुळे लोकांना साठवलेलं पानच दिसत राहिलं, तर सूचना अडकते आणि यादीत तिच्यासमोर `Missed schedule` दिसतं. यावर उपाय म्हणजे `wp-config.php` मध्ये ही ओळ टाकायची:

```php
define('DISABLE_WP_CRON', true);
```

आणि होस्टिंगच्या क्रॉन जॉबमधून दर पाच मिनिटांनी `wp-cron.php` उघडायला लावायचं. दोन्ही एकत्रच करा. नुसती वरची ओळ टाकून क्रॉन जॉब लावला नाही तर वेळ लावलेली एकही सूचना लागणार नाही.

आता सोयाबीनच्या सूचनेचंच पुढचं सांगतो. यंदा ताईंनी ती मंगळवारी दुपारी एकला पाठवली, सोबत परिपत्रकाची प्रत आणि चिठ्ठी. व्यवस्थापकांना दर बरोबर सापडला, पण तारखेसमोरचा वार चुकीचा निघाला, गुरुवारच्या जागी बुधवार. `Draft` होऊन परत आली, ताईंनी पाच मिनिटांत दुरुस्त केली, साडेतीनला `Schedule` झाली. बुधवारी सकाळी सहा वाजून तीन मिनिटांनी मी मोबाइलवर पाहिलं, लागलेली होती. ताईंचा मेसेज त्याआधीच येऊन पडला होता: "लागली भाऊ. यावर्षी वार पण मीच चुकवला, पण साहेबाईनं पकडला."