फिटची गोळी, डोक्याची गोळी आणि मधे लिव्हर

ओपीडीत एक प्रश्न ठरलेला असतो. पेशंटला फिट येतात, त्याची गोळी बारा वर्षं चालूय, आता मन लागत नाही किंवा भास होतायत म्हणून आमच्याकडे, म्हणजे मानसोपचारवाल्यांकडे पाठवलंय, आणि चिठ्ठी हातात घेतल्या घेतल्या सोबत आलेली आई विचारते, "डॉक्टर, ह्या गोळीनं फिट वाढणार नाही ना?" प्रश्न रास्त आहे. पण माझा अनुभव असा की भीती जिथे आहे तिथे सहसा काही होत नाही, आणि जिथे कुणाचं लक्षच नाही तिथून गडबड होते. म्हणून आधी ती दुसरी जागा सांगतो, फिटच्या भीतीकडे नंतर येऊ.

एक केस घ्या. दोन-तीन पेशंटची मिसळ करून सांगतोय, त्यामुळे कुणी ओळखायच्या भानगडीत पडू नका. चौतिशीतला माणूस, शिवणकाम करणारा. लहानपणापासून फिट, कार्बामाझेपिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम, त्यावर वर्षात दोन-तीनच फिट, म्हणजे बरं चाललेलं. मग हळूहळू त्याला वाटायला लागलं की समोरच्या दुकानातली माणसं त्याच्यावर नजर ठेवतायत, रात्री आवाज यायला लागले. हे फिटच्या लगेच नंतरचं नव्हतं, मधल्या काळात सतत चालू होतं. आमच्या लाइनमधल्या एकानं रिस्पेरिडोन २ मिलिग्रॅम सुरू केलं, फरक नाही, ४ केलं तरी नाही, ६ वर गेल्यावर कुठे आवाज कमी झाले आणि माणूस परत मशीनवर बसायला लागला. इथपर्यंत सगळे खूश.

आता ६ मिलिग्रॅम का लागले? तो काही फार अवघड पेशंट होता असं नाही. कार्बामाझेपिन लिव्हरला जोरात कामाला लावतं. मार्केट यार्डात रोज दहा ट्रक माल येतो आणि वीस हमाल तो उतरवतात असं समजा. कार्बामाझेपिन आलं की लिव्हर आणखी हमाल भरती करतं, हमाल म्हणजे औषध मोडून बाहेर काढणारी एन्झाइम्स. आणि हमाल काही फक्त कार्बामाझेपिनचाच माल उचलत नाहीत, दिसेल तो उचलतात. त्यात रिस्पेरिडोन येतं, हॅलोपेरिडॉल येतं, क्वेटायपिन तर इतकं साफ होतं की नेहमीच्या डोसला रक्तात जवळजवळ काही उरतच नाही. रिस्पेरिडोनचं साधारण निम्मं किंवा त्याहून जास्त कमी होतं. म्हणजे चिठ्ठीवर ६ लिहिलं होतं तरी मेंदूच्या वाट्याला जेमतेम ३ चाच परिणाम येत होता. फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन पण असेच हमाल भरती करणारे. आपल्याकडे ही तिन्ही औषधं स्वस्त आणि गावापर्यंत मिळणारी आहेत, त्यामुळे हा विषय आपल्याला जास्तच लागू आहे.

पुढे काय झालं बघा. वर्षभरानं त्याला गरगरायला लागलं, मळमळ, रक्त तपासलं तर सोडियम १२६. कार्बामाझेपिननं सोडियम उतरतं हे माहितीतलं आहे, आणि सोडियम फार उतरलं तर त्यानंच फिट येऊ शकते. तेव्हा न्यूरोवाल्यांनी बरोबर निर्णय घेतला, आधी व्हॅल्प्रोएट सुरू केलं आणि मग सहा आठवड्यांत कार्बामाझेपिन हळूहळू बंद केलं. सोडियम वर आलं, फिट पण नाही आली. चिठ्ठीत शेवटी लिहिलं होतं, बाकी गोळ्या आहेत तशाच चालू ठेवा.

तीन आठवड्यांनी भाऊ त्याला घेऊन आला तेव्हा चालताना हात हलत नव्हते, चेहरा पाटीसारखा, तोंडातून लाळ, सुईत दोरा ओवता येईना. घरच्यांचं म्हणणं, नवीन फिटची गोळी सूट झाली नाही, बंद करून जुनी द्या. आणि हे ऐकून तसं केलं असतं तर गोंधळ आणखी वाढला असता, कारण दोष नव्या गोळीचा नव्हताच. कार्बामाझेपिन गेलं, पण भरती केलेले हमाल त्याच दिवशी घरी जात नाहीत, दोन-तीन आठवडे लागतात. ते गेले आणि ६ मिलिग्रॅम पहिल्यांदाच खरोखरचे ६ झाले. रिस्पेरिडोनचा डोस कुणी एका मिलिग्रॅमनेही वाढवला नव्हता, तरी पेशंटसाठी तो दुप्पट झाला होता. आम्ही ३ वर आणलं, दहा-बारा दिवसांत हात हलायला लागले.

हे कसं ओळखायचं म्हणाल तर तारखांवरून. नवीन औषधाचा साइड इफेक्ट असेल तर तो सहसा ते सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर दिसायला लागतो. इथे त्रास सुरू झाला जुनं औषध बंद झाल्यावर, तोही थोडा उशिरा. भावानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर फिटच्या दिवशी लाल गोल आणि गोळी बदलल्याच्या दिवशी निळी फुली मारायची सवय लावली होती, त्यामुळे मला पाच मिनिटांत कळलं. नाहीतर आम्ही पण व्हॅल्प्रोएटच्या मागे लागलो असतो, खोटं कशाला बोलू.

उलटा प्रकारही होतो, म्हणजे मनाची गोळी फिटच्या गोळीला रक्तात साचवते. ह्यातली जोडी म्हणजे फेनिटॉइन आणि फ्लूऑक्सेटिन. फ्लूऑक्सेटिन डिप्रेशनसाठी भरपूर लिहिलं जातं, स्वस्त आहे, चांगलं आहे. पण फेनिटॉइन मोडणाऱ्या हमालांनाच ते अडवून धरतं. आणि फेनिटॉइनचा स्वभाव विचित्र, त्याचे हमाल मुळातच मोजके, ते सगळे कामात अडकले की वरचा थोडासा माल पण साचत जातो. म्हणून इतर औषधांत थोडी ढकलाढकल झाली तर लेव्हल थोडी वाढते, फेनिटॉइनमध्ये थोड्या ढकलाढकलीनं लेव्हल उडी मारते. नेहमीची रेंज १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, त्याच्या वर गेलं की डोळे बाजूला नेल्यावर थरथरतात, बोलणं जड होतं, चाल डुलते. गावात लोक म्हणतात प्यायला लागला वाटतं. डिप्रेशनचा पेशंट, त्यात दारूचा शिक्का, म्हणजे बघायलाच नको. बरं फ्लूऑक्सेटिन बंद केलं तरी ते आणि त्यातून तयार होणारं दुसरं रसायन शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, त्यामुळे परिणाम लगेच सुटत नाही. अशा पेशंटला सर्ट्रालिन किंवा एसिटालोप्रॅम दिलं तर ही कटकट बरीच कमी होते. मात्र ही सगळी एकाच गटातली औषधं, आणि ह्या गटानं पण सोडियम उतरू शकतं, तेव्हा सोबत कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन असेल आणि पेशंट साठीच्या पुढचा असेल तर सुरुवातीच्या काही आठवड्यांत एकदा सोडियम बघून घ्यावं.

आता आईच्या प्रश्नाकडे. मेंदूतल्या पेशी एकदम भडकू नयेत म्हणून एक बांध असतो असं समजा, इंग्रजीत त्याला सीझर थ्रेशोल्ड म्हणतात. काही मनाच्या गोळ्या हा बांध खाली आणतात हे खरंय. पण सगळ्या नाही, आणि सारख्या प्रमाणात तर अजिबात नाही. २००७ मध्ये केनेथ अल्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या एफडीएकडे जमा झालेल्या औषध-चाचण्यांचा डेटा तपासला, ७५ हजारांवर पेशंट. डिप्रेशनच्या चाचण्यांत ज्यांना नुसती खोटी गोळी मिळाली होती त्यांना सर्वसामान्य लोकांपेक्षा कितीतरी जास्त फिट आल्या होत्या, आणि बहुतेक डिप्रेशनच्या गोळ्या घेणाऱ्यांना त्या खोटी गोळी घेणाऱ्यांच्या साधारण निम्म्याच आल्या. म्हणजे धोका बराचसा डिप्रेशनमध्येच आहे, गोळीत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी, अशा चाचण्यांत आधीपासून फिट असलेले पेशंट सहसा घेतच नाहीत, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा आपल्या पेशंटला चिकटवता येत नाही. तरी मिरगीच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२२ मध्ये मोठ्यांच्या डिप्रेशनसाठी ज्या शिफारशी दिल्या त्यात औषधांमध्ये पहिली पसंती सर्ट्रालिनच्या गटालाच आहे.

खरोखर जपायची नावं थोडीच आहेत. ब्युप्रोपिऑन हे एक, हे सिगरेट सोडण्यासाठी पण देतात म्हणून नकळत पोचतं. ज्यांना कधीच फिट नव्हती अशांतसुद्धा दिवसाला ३०० मिलिग्रॅमपर्यंत हजारात साधारण एकाला फिट येते, ४५० ला गेलं की चौघांना. क्लोमिप्रामिन, मॅप्रोटिलिन ही जुनी मंडळी दुसरी. आणि भासांवरचं क्लोझापिन, त्यात ३०० च्या आत शंभरात साधारण एक, ६०० च्या वर चार-पाच. एक लक्षात आलं असेल, सगळीकडे डोसच बोलतोय. नुसतं नाव वाचून घाबरण्यापेक्षा किती आणि किती भरभर वाढवलं हे विचारावं. क्लोझापिनचा दुसरा त्रास म्हणजे पांढऱ्या पेशी उतरू शकतात, कार्बामाझेपिननं पण उतरू शकतात, म्हणून ती जोडी टाळायचीच. बाकी रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ह्यांच्यात धोका कमी, आणि भासांवर इलाज न केल्यानं पेशंट रात्र रात्र झोपत नाही, फिटच्या गोळीत विष घातलंय म्हणून थुंकून टाकतो, त्यानं येणाऱ्या फिट कुणी मोजतच नाही.

आणि एक गोळी अशी आहे जिची भीती कुणालाच वाटत नाही, अल्प्राझोलाम. झोपेसाठी म्हणून कुणीतरी सुरू करून देतं, महिनोन् महिने चालते, मग पेशंट कुठे लग्नाला गेला की स्ट्रिप घरी राहते आणि दोन-तीन दिवसांत मोठी फिट. ज्यांना आधी कधीच फिट नव्हती त्यांनाही येते. मग सगळे संशय घेतात मागच्या महिन्यात सुरू केलेल्या एसिटालोप्रॅमवर.

एक उलट बाजू राहिली. कधी कधी मनाचा त्रासच फिटच्या गोळीनं होतो. लेव्हेटिरासिटाम हे फार सोयीचं औषध, लिव्हरच्या हमालांशी त्याचं काही देणंघेणं नाही, म्हणून आजकाल सगळीकडे आहे. पण काही जणांत चिडचिड, रडू येणं, क्वचित भास सुद्धा होतात. अशा वेळी वर डिप्रेशनची गोळी चढवण्याआधी त्याची तारीख विचारायची, आणि न्यूरोवाल्यांना फोन करून ते बदलता येईल का बघायचं. पेशंटनं मात्र स्वतः मधेच बंद करायचं नाही, एकदम सोडलं तर फिटची रांग लागू शकते.

त्या शिवणकाम करणाऱ्या माणसाच्या फाइलवर आता पहिल्याच पानावर भावाच्या हातचं एक ओळीचं टिपण स्टेपल केलेलं आहे, "फिटची गोळी बदलली तर मानसोपचारवाल्यांना तिसऱ्या आठवड्यात दाखवणे." गेल्या खेपेला आला तेव्हा रिस्पेरिडोन ३ वरच होता, आणि माझ्या ॲप्रनचं उसवलेलं बटण त्यानं तिथल्या तिथे लावून दिलं.