कारण सांगणं आणि जबाबदारी घेणं: कॅडबरीच्या केस स्टडीत उत्तर कुठे घसरतं

ठाण्यात पूर्व द्रुतगती महामार्गावरून पोखरण रोडकडे वळताना लागणाऱ्या चौकाला सगळे कॅडबरी जंक्शनच म्हणतात. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली रोज तिथून रिक्षाने येतात. जनसंपर्काच्या पेपरला कॅडबरीची २००३ सालची केस आली की त्यांना ती घरचीच वाटते. तरीही दर वर्षी उत्तरपत्रिका तपासताना मला एकच गफलत सापडते. कंपनीने किड्यांचं कारण बरोबर सांगितलं होतं, म्हणून कंपनीने संकट बरोबर हाताळलं, असं मुलं लिहितात. दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात मिसळतात आणि तिथेच मूल्यमापन थांबतं.

आधी प्रसंग थोडक्यात सांगते. ऑक्टोबर २००३ मध्ये, दिवाळी तोंडावर असताना, मुंबईतल्या काही ग्राहकांनी डेअरी मिल्कमध्ये अळ्या निघाल्याची तक्रार केली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात बनलेला माल जप्त केला. कंपनीचं पहिलं म्हणणं असं होतं की उत्पादन होताना अळी पडणं शक्य नाही, दुकानात माल नीट न ठेवल्यामुळे हे झालं असावं. प्रशासनाला ते पटलं नाही. आवरण सदोष असेल किंवा त्याला गळती असेल, तर त्याचं काय, असा त्यांचा प्रश्न होता. टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत हा वाद गाजला. सणाच्या दिवसांत जी विक्री वाढायची, ती उलट सुमारे ३० टक्क्यांनी घसरल्याचं त्या काळात छापून आलं.

आता कारणाचं बघू, कारण इथे कंपनीच्या म्हणण्यात खरंच दम होता. कोको भाजताना आणि त्यावर पुढची प्रक्रिया होताना जी उष्णता लागते, तिच्यात किड्याचं अंडं टिकत नाही. साठवलेल्या खाद्यपदार्थांवरचे पतंग उबदार, दमट गोदामात आणि दुकानाच्या फळीवर सहज वाढतात. त्यांची मादी धान्य, सुकामेवा, चॉकलेट यांच्या आसपास अंडी घालते आणि बाहेर आलेली बारीकशी अळी आवरणाच्या घडीतून आत शिरते. अशा तक्रारीची शहानिशा करणारा माणूस सहसा अळीचं वय आणि वडीवरची उत्पादनाची तारीख एकमेकांशी ताडून पाहतो. वडी काही महिन्यांची आणि अळी काही दिवसांची असेल, तर किडा नंतर आत गेला, असं म्हणायला जागा होते. आवरणावर भोक असेल तर ते बाहेरून आत पडलंय की आतून बाहेर, हेही बघतात.

म्हणून कारणाच्या पातळीवर कंपनीचं म्हणणं खोडून काढणं विद्यार्थ्याचं काम नाही. मी वर्गात असं म्हटलं तेव्हा कळव्याहून येणाऱ्या एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, मग कंपनी खरं बोलत होती तर चुकलं काय?’ फार नेमका प्रश्न होता. त्याचं उत्तर आवरणात आहे.

तेव्हाची वडी अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खात गुंडाळलेली असायची आणि वरून कागदाची पट्टी. वर्ख नुसता दुमडलेला होता, चारी बाजूंनी चिकटवलेला नव्हता. म्हणजे घडीत फट राहणार होती. दुकान बेफिकीर असेल, पण त्या बेफिकिरीला आत शिरायला वाट कुणी ठेवली? आवरण कसं असावं, हे दुकानदार ठरवत नाही. मूळ कारण दुकानात घडलं असेल, पण त्याला अटकाव करण्याचं साधन कंपनीच्या हातात होतं. जबाबदारी म्हणजे मला इथे हेच म्हणायचं आहे. गुन्हा कुणाचा याचा निवाडा हा वेगळा प्रश्न आहे. पुढचा किडा कोण थांबवू शकतं, हा जबाबदारीचा प्रश्न आहे.

संकट-संवादाच्या अभ्यासात टिमोथी कूम्ब्स यांची एक मांडणी अभ्यासक्रमात असते आणि ती इथे उपयोगी पडते. लोक संकटाचा दोष कुणावर ठेवतात, त्यानुसार संकटाचे तीन गट पडतात: कंपनी स्वतःच बळी ठरलेली, अपघाताने झालेलं, आणि टाळता आलं असतं असं. मुलं कॅडबरीला पहिल्या गटात टाकतात, कारण किडे दुकानात शिरले. पण मांडणी लोकांच्या दोषारोपाविषयी आहे. ग्राहकाने वडी दुकानदाराचं नाव बघून घेतलेली नसते. तिच्यावर जांभळ्या कागदात एकच नाव छापलेलं असतं, आणि रागही त्याच नावावर जातो. लोकांच्या नजरेतला गट कोणता, हे न तपासता लावलेला गट चुकीचा निघतो, आणि मग त्यावर बेतलेलं प्रतिसादाचं मूल्यमापनही चुकतं.

त्याच मांडणीत दुसऱ्यावर बोट दाखवण्याचं धोरण नाकारण्याच्या गटात बसतं. कॅडबरीच्या बाबतीत त्याची एक विशेष अडचण होती. बोट ज्यांच्याकडे दाखवलं, ते किराणा दुकानदार कंपनीच्या मालाची फळी सांभाळणारे होते. ग्राहक चिडलेला असताना काउंटरवर उभं राहून त्याच्याशी बोलणार होते तेच. नौपाड्यातल्या किंवा वाशीच्या एखाद्या छोट्या दुकानदाराचा विचार करा. टीव्हीवर ‘दोष दुकानदाराचा’ असं ऐकून तो उरलेला माल पुढे मांडेल का? मला वाटतं, पहिल्या निवेदनाची खरी किंमत इथे मोजावी लागली. दुर्दैवाने बहुतेक उत्तरांत ग्राहक, प्रसारमाध्यमं आणि सरकार येतात, दुकानदार येतच नाही.

आता पुढे काय झालं ते बघा, म्हणजे दोन्हीतला फरक कृतीतून दिसेल. कंपनीने ‘प्रोजेक्ट विश्वास’ सुरू केला. माल कसा ठेवायचा याची माहिती सुमारे १ लाख ९० हजार दुकानदारांपर्यंत नेण्याचा हा कार्यक्रम होता. जाहिराती काही आठवडे बंद ठेवल्या. आणि जानेवारी २००४ मध्ये नवं आवरण आलं: वर्ख उष्णतेने चारी बाजूंनी बंद केलेला आणि त्यावर प्लॅस्टिकचं घट्ट वेष्टन. हे आवरण १० ते १५ टक्के महाग पडत होतं, तरी वडीची किंमत वाढवली नाही, असं कंपनीने सांगितलं. त्याच सुमारास अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत आणलं.

प्रोजेक्ट विश्वास आणि नवं आवरण यांची तुलना केली की माझा मुद्दा स्पष्ट होतो. दुकानदारांना शिकवणं हे कारणाशी जोडलेलं पाऊल होतं: साठवण सुधारा. ते चुकीचं नव्हतं, पण एकटं ते उभं राहिलं असतं तर ऑक्टोबरचंच निवेदन अधिक खर्चात पुन्हा केल्यासारखं झालं असतं. नवं आवरण हे जबाबदारीचं पाऊल होतं. किडा शिरण्याचं कारण दुकानात असलं तरी फट आम्ही बुजवतो, असा त्याचा अर्थ होता. अधिकाऱ्यांचा आक्षेपही आवरणाबद्दलच होता. कंपनीने तो शब्दांत मान्य केला की नाही, हा भाग निराळा. कृतीत उत्तर त्याच आक्षेपाला दिलं गेलं.

तुलनेला जॉन्सन अँड जॉन्सनच्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाची केस घेतात, ते योग्यच आहे. १९८२ च्या सप्टेंबरअखेर शिकागो परिसरात सायनाइड मिसळलेल्या कॅप्सूल घेऊन सात जण दगावले. विष दुकानाच्या फळीवर असताना मिसळलं गेलं होतं, कारखान्यात नाही. कारणाने जॉन्सन अँड जॉन्सन शंभर टक्के सुटत होती. तरी कंपनीने देशभरातल्या सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत बोलावल्या आणि त्याच वर्षी छेडछाड झाल्यास कळेल असं तिहेरी आवरण आणलं. मुलं इथे एक चूक करतात: पहिल्याच दिवशी देशभरातून माल मागे घेतला, असं लिहितात. आधी ठरावीक बॅचपुरती पावलं होती. देशव्यापी निर्णय ५ ऑक्टोबरचा. तपशील चुकला की तुलना कॅडबरीवर अन्याय करते.

एक कायद्याची नोंद, कारण काही जण इथे नवा कायदा जुन्या प्रसंगाला चिकटवतात. २००३ मध्ये अन्न सुरक्षा व मानके कायदा नव्हता, तो २००६ चा. त्याच्या कलम २७ मध्ये उत्पादक, वितरक आणि विक्रेता यांची दायित्वं वेगवेगळी दिली आहेत. उत्पादकाच्या सुरक्षा-सूचना मोडून माल साठवला, तर वितरकही अडकतो. कायदा दोष वाटून देतो. ग्राहकाचं मन तो दोष तसा वाटून देत नाही, आणि जनसंपर्काचं उत्तर मनाबद्दलचं आहे.

आता उत्तरपत्रिकेतलं एक नेहमीचं वाक्य घेते: ‘कॅडबरीने दुकानदारांची चूक दाखवून आपली प्रतिमा वाचवली आणि अमिताभ बच्चनमुळे विक्री पूर्ववत झाली, म्हणून हाताळणी यशस्वी.’ दहापैकी मी याला चार देते. विक्री सावरली, हा निकाल आहे. हाताळणी बरोबर होती की नाही, ते त्यातून आपोआप ठरत नाही. आवरण, बच्चन, बंद ठेवलेल्या आणि मग नव्याने आलेल्या जाहिराती, वेळ जाणं हे सगळं एकाच वेळी घडलं. कशामुळे किती सावरलं, हे उपलब्ध आकड्यांवरून वेगळं करता येत नाही. ते मान्य करणारं वाक्य लिहिलं तर उत्तर कच्चं ठरत नाही, पक्कं ठरतं.

माझ्या मते सुधारलेला परिच्छेद असा असेल:

‘कॅडबरीचं साठवणुकीचं कारण तांत्रिकदृष्ट्या पटण्याजोगं होतं. पण निवेदनात दोष दुकानदारांवर टाकला गेला, तर ग्राहकाने रोष ब्रँडवर धरला आणि अधिकाऱ्यांनी प्रश्न आवरणावर उपस्थित केला. म्हणून पहिला प्रतिसाद कारणाच्या अंगाने समर्थनीय, पण जबाबदारीच्या अंगाने अपुरा होता. जानेवारी २००४ चं उष्णतेने बंद केलेलं आवरण ही त्रुटी भरून काढतं, कारण त्याने कंपनीच्या नियंत्रणात असलेली फट बंद केली. प्रोजेक्ट विश्वास पूरक होता. विक्री सावरण्यात प्रसिद्ध चेहऱ्याचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही.’

त्या कळव्याच्या मुलीने पुढच्या चाचणीत यातलं एकही वाक्य घेतलं नाही. तिने लिहिलं होतं की कंपनीने पहिल्या दिवशी फक्त इतकं म्हणायला हवं होतं: किडा कुठे शिरला ते आम्ही शोधत आहोत, आणि तो आत शिरणार नाही अशी वडी आम्ही आणू. मी पूर्ण गुण दिले. समासात एकच प्रश्न लिहिला: नव्या आवरणाची यंत्रं बसवायला काही महिने लागतात, तोवर फळीवरच्या मालाचं काय? तिने पुढच्या पानावर उत्तर लिहून आणलं: ज्या भागातून तक्रारी आल्या तिथला माल परत घ्यायचा, आणि दुकानदाराला त्याचे पैसे आधी द्यायचे.