कार्डाचे पैसे खात्यात कधी येतात? नव्या ऑनलाइन विक्रेत्यांसाठी

ग्राहकाचं कार्ड पेमेंट घेऊन ते पैसे तुमच्या खात्यात पाठवणारी सेवा म्हणजे पेमेंट गेटवे. त्याच्या अर्जात बहुतेकांचं अडतं ते नावावर. पॅन एका नावाने, रद्द केलेला चेक दुसऱ्या नावाने, आणि जीएसटी नोंदणीत दुकानाचं तिसरंच नाव. अशा वेळी गेटवे सेटलमेंट, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात पाठवणं, थांबवू शकतं. मालकी व्यवसाय असेल तर पॅन मालकाचं चालतं, फक्त दुकानाच्या नावाचा पुरावा म्हणून उद्यम किंवा जीएसटी प्रमाणपत्र जोडा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. वेबसाइटवर परतावा, डिलिव्हरी आणि संपर्काची पानं नसतील तरी अर्ज अडतो.

आता मुदत. ‘T+2’ म्हणजे व्यवहारानंतरचे दोन कामाचे दिवस. गेटवे शनिवार-रविवार सुट्टी धरत असेल तर शुक्रवारच्या विक्रीचे पैसे मंगळवारी निघतात. रविवारी फोन करून विचारणारे बरेच असतात, त्यांची चूक नाही. ‘दोन दिवस’ एवढंच ठळक छापलेलं असतं.

खरी अडचण रोलिंग रिझर्व्हची. ग्राहक कार्डाच्या बँकेकडे तक्रार करून महिन्यांनंतरही पैसे परत मागू शकतो. तोवर नवा विक्रेता गायब झाला तर ते गेटवेच्या गळ्यात पडतात. म्हणून गेटवे प्रत्येक विक्रीतला काही हिस्सा ठरावीक दिवस राखून ठेवतं, तोच रोलिंग रिझर्व्ह. समजा करारात १० टक्के आणि १८० दिवस लिहिलंय. १०,००० रुपयांच्या विक्रीवर २ टक्के शुल्क २०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६ रुपये आणि राखीव १,००० रुपये. हातात येतात ८,७६४. १ एप्रिलच्या विक्रीचे हजार २८ सप्टेंबरला सुटतात, २ एप्रिलचे २९ सप्टेंबरला.

इथेच गैरसमज होतो. सहा महिन्यांनी सगळी रक्कम एकदम मिळत नाही. महिन्याला एक लाखाची विक्री असेल तर साधारण ६०,००० रुपये कायम अडकलेले राहतात, कारण जुने सुटतात तेवढेच नवे अडकतात. विक्री वाढली की अडकलेली रक्कमही वाढते. नफा १२ टक्के असेल तर त्यातला जवळजवळ सगळा सहा महिने मिळणार नाही, तेव्हा माल पुरवणाऱ्याला त्या पैशांची तारीख देऊ नका.

सही करण्याआधी लेखी विचारा: टक्के एकूण विक्रीवर की शुल्क वजा करून? दिवस विक्रीपासून मोजता की डिलिव्हरीपासून? राखीवाचा आढावा कधी घेता? आढाव्याला कुरिअरच्या पोहोच पावत्या, बिलं आणि बँक स्टेटमेंट लागतात. पोहोच पावती मात्र कोणी जपून ठेवत नाही, आणि तक्रार आल्यावर नेमकी तीच मागतात. तक्रारीच्या ईमेलवरची शेवटची तारीख चुकली तर रक्कम आधी तुमच्या शिल्लकीतून जाते, ती पुरली नाही तर राखीवातून.