मोकळी पिन, पुल-अप आणि एका जुन्या ओळीचा घोळ

आमच्याकडे पोट्ट्यांचा पहिला प्रोजेक्ट बहुतेक एकच असते, बटन दाबलं की एलईडी लागला पाहिजे. अर्डुइनो उनो बोर्डाच्या 2 नंबर पिनमधून दोन मीटरची वायर काढली, दुसरं टोक बटनाला अन् बटन 5 व्होल्टला. एलईडी बटन न दाबताच फडफडते, वायरीजवळ हात नेला तर आणखीनच. मागच्या वेळी मजा अशी झाली की लोडशेडिंगात लाईन गेली, लॅपटॉप बॅटरीवर होता, आणि फडफड जवळजवळ थांबली. लाईन आली तशी परत सुरू. पोट्टे म्हणे पिन कायबी रँडम वाचते. रँडम नाही ना, ते घरातल्या वायरिंगचं 50 हर्ट्झ वाचत होती. बटन सुटलं की ती वायर कुठंच जोडलेली नसते, नुसती अँटेना होऊन बसते.

हा प्रॉब्लेम चिपांसोबतच बदलत गेला. साठच्या दशकातल्या टीटीएल नावाच्या जुन्या चिपांची इनपुट मोकळी सोडली तर ती बहुतेक वेळा हायच, म्हणजे 5 व्होल्ट लागल्यासारखी, वाचायची, कारण इनपुटमधून करंट बाहेर यायचा, 1.6 मिलिअँपपर्यंत. तिला लो करायची तर तेवढा करंट ग्राउंडला ओढून न्यावा लागे, म्हणून पुल-डाऊन, म्हणजे पिनला ग्राउंडकडं ओढणारा रेझिस्टर, लावायचा तर पाचशे ओहमच्या आतला, आणि म्हणूनच स्विच ग्राउंडला अन् रेझिस्टर वरती ही सवय पडली. मग सीमॉस हे चिपांचं नवं तंत्र आलं. त्याचं इनपुट करंट जवळपास घेतच नाही, उनोच्या चिपला फार तर 1 मायक्रोअँप, त्यामुळे शेजारच्या वायरीतून आलेला चिमूटभर चार्जबी पिनला इकडून तिकडं हलवते. 5 व्होल्टवर ही चिप 1.5 च्या खाली लो आणि 3 च्या वर हाय नक्की धरते, मधल्या पट्ट्यात काय वाचेल त्याचा भरवसा नाही.

त्यावर औषध साधं आहे, 10 किलोओहमचा रेझिस्टर पिनपासून ग्राउंडला लावा, बटन सुटलं की पिन शून्यावर बसते. बटन दाबल्यावर त्यातून फक्त अर्धा मिलिअँप जाते. उलटं करायचं तर रेझिस्टर 5 व्होल्टला, हाच पुल-अप, आणि बटन ग्राउंडला, मग दाबलं की LOW. पोट्ट्यांना हे उलटं वाटते, पण टीटीएलच्या सवयीतून हेच जास्त चाललं.

आता खरा घोळ. उनोच्या चिपमध्ये पुल-अप आतच आहे, 20 ते 50 किलोओहमचा, पण तो चालू कसा करायचा, तर इनपुट पिनवर HIGH लिहून:

```
pinMode(2, INPUT);
digitalWrite(2, HIGH);
```

चिपच्या आतल्या रचनेला हे धरून आहे, एकच रजिस्टर, म्हणजे चिपमधली छोटी मेमरी, आउटपुटसाठी हाय-लो ठरवते आणि इनपुटसाठी पुल-अप. पण शिकणाऱ्याला काहून समजावं की इनपुटवर लिहायचं? 2012 मध्ये अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरच्या 1.0.1 आवृत्तीत सरळ शब्द आला:

```
pinMode(2, INPUT_PULLUP);
```

आणि त्याच वेळी नुसतं INPUT म्हटलं की पुल-अप बंद होऊ लागला. म्हणजे ज्यांच्या कोडमध्ये HIGH आधी लिहिलेलं आणि pinMode नंतर, त्यांचा पुल-अप गुपचूप गेला, काही एरर नाही, फक्त बटन फडफडायला लागलं. माझ्या मते बदल बरोबरच होता, जुनी ओळ म्हणजे एका चिपची खोड सगळ्यांच्या माथी मारणं होतं. तिचं एक भूत आजबी दिसते: pinMode मध्ये OUTPUT लिहायचं विसरून पिनवर HIGH केलं तर एलईडी लागते पण एकदम मंद, कारण तो त्या आतल्या पुल-अपमधून जेमतेम 0.1 मिलिअँपवर चालत असते. पोट्टे म्हणते एलईडी खराब निघाला.

आमच्या बटनाचं काय झालं, तर INPUT_PULLUP केलं, बटन 5 व्होल्टवरून काढून ग्राउंडला जोडलं, फडफड गेली. पण तीच वायर नंतर मोटरीच्या स्टार्टरजवळून वीस-पंचवीस मीटर टाकीपर्यंत नेली फ्लोट स्विचसाठी, तर मोटर चालू होताना पिन अधूनमधून उगाच LOW वाचायची. आतला पुल-अप कमजोर पडला, बाहेरून 4.7 किलोओहमचा लावला, मग करंट 1 मिलिअँपच्या आसपास गेला आणि वायर मोटरीच्या केबलपासून दूर नेली तेव्हा निवळलं.

ईएसपी32 या दुसऱ्या बोर्डावर जुनी दोन ओळींची युक्ती चालतच नाही, INPUT_PULLUP च लागते, आणि 34 ते 39 या पिनांना तर आत पुल-अपच नाही. तिथं INPUT_PULLUP लिहून बटन जोडलं तर कोड बरोबर दिसते अन् पिन मोकळीच राहते, म्हणून त्या पिनांना बाहेरचा रेझिस्टर लावावाच लागते, तो 5 ला नाही, 3.3 व्होल्टला.