रिटेन्शन, ग्रोथ आणि तुलनेसाठी चार्टची निवड

आकडे तेच असले तरी चार्टचा प्रकार बदलला की बघणाऱ्याला अर्थ वेगळा लागतो, म्हणून कुठल्या प्रश्नाला कुठला चार्ट लावायचा हे ठरवणं म्हणजे चार्टची निवड. रेषेचा चार्ट आणि बार चार्ट विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये छापले आणि पाय चार्ट १८०१ मध्ये, म्हणजे हत्यारं जुनीच आहेत. अडचण येते ती डेटावाला सोडून बाकीचे, म्हणजे सेल्स, डिलिव्हरी, सपोर्टवाले लोक तो चार्ट वाचतात तेव्हा, आणि सगळ्यात जास्त गोंधळ रिटेन्शनमध्ये, म्हणजे आलेले ग्राहक किती टिकले यात होतो, म्हणून इथे त्यावरच जास्त लिहिलंय.

उदाहरणासाठी महिन्याच्या वर्गणीवर घरपोच डबा देणारं एक ॲप धरू (आकडे कल्पित आहेत). जानेवारीत ४०० नवीन लोक आले, फेब्रुवारीत ६००, मार्चमध्ये ९०० आणि एप्रिलमध्ये १३००. जानेवारीच्या ४०० पैकी पुढच्या महिन्यात २०० राहिले, मग १५२, मग १४०. फेब्रुवारीच्या ६०० पैकी २७० आणि मग १८६. मार्चच्या ९०० पैकी एप्रिलमध्ये ३४२. आता दर महिन्याचे एकूण चालू ग्राहक मोजले तर ४००, ८००, १३२२, १९६८ असे येतात, रेषा मस्त वर चाललीये आणि मीटिंगमध्ये सगळे खूश. पण नवीन आलेल्यांपैकी पुढच्या महिन्यात किती टिकले ते बघा: जानेवारीचे ५० टक्के, फेब्रुवारीचे ४५, मार्चचे ३८. म्हणजे बादलीचं भोक मोठं होतंय, फक्त नळ त्याहून जोरात सोडलाय म्हणून पाणी वर चढताना दिसतंय.

यावर हुशार माणूस म्हणतो की मग ग्रोथसोबत रिटेन्शनचीही रेषा काढू, गेल्या महिन्यातल्या सगळ्या ग्राहकांपैकी या महिन्यात किती राहिले ती. काढून बघा. फेब्रुवारीत ५० टक्के, मार्चमध्ये ५३, एप्रिलमध्ये ५१. जवळजवळ सपाट! प्रत्येक महिन्यात आलेली नवीन बॅच आधीच्यापेक्षा वाईट टिकत असूनही एकत्र टक्केवारी हलत नाही, कारण पहिला महिना पार केलेले लोक फारसे सोडत नाहीत (जानेवारीच्या २०० पैकी १५२ पुढेही राहिले, म्हणजे ७६ टक्के) आणि ते सरासरीला वर धरून ठेवतात. या चार्टमध्ये खोटं काही नाही, फक्त तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो, आणि ज्याला आतलं गणित माहीत नाही तो "रिटेन्शन ठीक आहे" असं वाचून उठतो.

म्हणून रिटेन्शन बॅचनुसारच दाखवावं लागतं, आणि अशा बॅचला डेटावाले कोहॉर्ट म्हणतात. त्याचा नेहमीचा चार्ट म्हणजे रंगीत त्रिकोणी तक्ता, डावीकडे कुठल्या महिन्यात आले, वर कितवा महिना, आणि चौकटींत टक्के. ॲनालिस्टला हा फार आवडतो पण बाकीच्या टीमसमोर तो टाकू नये असं माझं मत. एक तर उजवीकडे खाली ज्या चौकटी रिकाम्या असतात, कारण तो महिना अजून उजाडलेलाच नाही, त्यांना लोक शून्य समजतात. दुसरं म्हणजे चालू महिना अर्धाच झालेला असला की त्या तिरक्या ओळीतल्या सगळ्या चौकटी फिक्या पडतात आणि कोणीतरी हमखास विचारतं की "या महिन्यात अचानक काय झालं?", तर काही झालेलं नसतं, महिनाच संपलेला नसतो. अर्धवट महिना सरळ काढून टाकावा.

त्याऐवजी दोन साधे चार्ट पुरतात. पहिल्यात प्रत्येक बॅचची एक रेषा, आणि आडव्या अक्षावर जानेवारी-फेब्रुवारी नाही तर "येऊन किती महिने झाले" म्हणजे ०, १, २, ३. सगळ्या रेषा १०० टक्क्यांपासून सुरू होतात आणि कोण लवकर खाली आलं ते लगेच दिसतं. जुन्या रेषा राखाडी, ताजी एकच गडद, आणि नाव रेषेच्या टोकालाच लिहायचं, बाजूच्या रंगांच्या यादीत शोधायला लावायचं नाही. सहापेक्षा जास्त बॅच झाल्या की शेवया होतात, मग दुसरा चार्ट बरा: फक्त पहिल्या महिन्याचं रिटेन्शन, प्रत्येक बॅचचा एक बार, ५०, ४५, ३८, बास.

इथे एक्सेलचा एक खोडा आहे. रिकाम्या जागेसाठी फॉर्म्युल्यातून "" परत केलं तर चौकट रिकामी दिसते पण रेषा मात्र धाडकन शून्यावर जाते, कारण एक्सेल त्याला मजकूर धरून शून्यावर टिंब काढतं. NA() दिलं की ते टिंबच येत नाही, इथे B2 म्हणजे बॅचमध्ये आलेले आणि C2 म्हणजे त्यातले टिकलेले:

```
=IF(C2="",NA(),C2/$B2)
```

ग्रोथसाठी सगळ्यात फसवा चार्ट म्हणजे आजवरच्या एकूण नोंदणीची रेषा, कारण ती कधी खाली जाऊच शकत नाही, धंदा बसला तरी फार तर आडवी होते. त्यापेक्षा दर महिन्याचा एकावर एक रचलेला बार घ्यावा, खाली जुने टिकलेले आणि वर नवीन आलेले. आपल्या उदाहरणात एप्रिलच्या १९६८ मध्ये १३०० नवीन आणि ६६८ जुने, म्हणजे दोन तृतीयांश लोक याच महिन्यातले, हे डिलिव्हरीवाल्यालाही न सांगता दिसतं. जुने खालीच का, तर तळाला टेकलेला तुकडाच डोळा नीट मोजतो, वरचा तुकडा प्रत्येक बारमध्ये वेगळ्या उंचीवरून सुरू होतो त्यामुळे त्याची तुलना अंदाजपंचे होते.

तुलनेचं तर नक्की सांगता येतं. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं की एकाच पट्टीवरची जागा लोक सगळ्यात अचूक ओळखतात आणि कोन ओळखताना जास्त चुकतात. म्हणून शहरं किंवा प्लॅन यांची तुलना करायची तर पाय चार्ट नको, मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावलेले आडवे बार घ्या, त्यात "आठवड्याचा व्हेज डबा" अशी लांबलचक नावंही तिरकी न होता बसतात. बारचा अक्ष मात्र शून्यापासूनच हवा, कारण बारची लांबीच वाचली जाते. ४५ आणि ३८ चे बार ३५ पासून सुरू केले तर एकाची लांबी १० आणि दुसऱ्याची ३, म्हणजे तिपटीहून जास्त फरक दिसतो. आकडे जवळजवळचे असले की एक्सेल कधीकधी आपणहून शून्य सोडून देतं, तेव्हा अक्षाच्या सेटिंगमध्ये Minimum ला हाताने 0 टाकावं लागतं. रेषेला ही सक्ती नाही, कारण तिथे लांबी नाही तर चढ-उतार वाचतात.

चार्ट नीट वाचला जातोय का हे तपासायचा स्वस्त उपाय म्हणजे शीर्षक झाकून तो सपोर्टमधल्या एखाद्याला दाखवायचा आणि "यात काय दिसतंय?" एवढंच विचारून गप्प बसायचं. "वाढतंय" असं उत्तर आलं आणि तुम्हाला गळती दाखवायची होती, तर समजावत बसू नका, चार्ट बदला. आणि शीर्षक "मासिक रिटेन्शन" असं न ठेवता "मार्चमध्ये आलेल्या १०० पैकी ३८ जणच पुढच्या महिन्यात राहिले" असं ठेवलं की टक्के कशाचे हा प्रश्नच येत नाही.