ऑड्स रेशो आला कुठून: डॉल-हिल यांचा तक्ता आणि २.६४ हा आकडा

लॉजिस्टिक रिग्रेशन चालवलं की सहगुणक हातात येतो, आणि त्याचं exp घेतलं की ऑड्स रेशो. पण मुळात ऑड्स कशाला? सरळ टक्केवारीची तुलना का नाही? याचं उत्तर १९५० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका तक्त्यात सापडतं.

रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या इस्पितळांतले फुफ्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ पुरुष रुग्ण घेतले आणि दुसऱ्या आजारांसाठी दाखल झालेले, साधारण त्याच वयाचे ६४९ पुरुष तुलनेला घेतले. कर्करोग असलेल्यांत धूम्रपान न करणारे फक्त २ निघाले, तर तुलनेच्या गटात २७.

आता कुणी म्हणेल, धूम्रपान करणाऱ्यांपैकी किती टक्क्यांना कर्करोग झाला ते काढा. तक्त्यात असे १२६९ जण आहेत, त्यांपैकी ६४७ रुग्ण, म्हणजे ५१ टक्के. न करणाऱ्यांत २९ पैकी २, म्हणजे ७ टक्के. पण हे आकडे निरर्थक आहेत, कारण रुग्ण आणि बिगररुग्ण निम्मे-निम्मे असावेत हे संशोधकांनीच ठरवलं होतं. तुलनेचा गट दुप्पट घेतला असता, तर त्याच टक्केवाऱ्या ३४ आणि ३.६ झाल्या असत्या. त्यांचं गुणोत्तरही ७.४ वरून ९.६ वर गेलं असतं.

ऑड्स रेशो मात्र जागचा हलत नाही. ऑड्स म्हणजे ‘झालेले भागिले न झालेले’. धूम्रपान करणाऱ्यांत ६४७/६२२, न करणाऱ्यांत २/२७. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की सुमारे १४. तुलनेचा गट दुप्पट केला तर दोन्ही छेद दुप्पट होतात आणि उत्तर १४च राहतं.

१९५१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या जेरोम कॉर्नफिल्ड यांनी पुढचा दुवा जोडला. आजार विरळ असेल तर ‘न झालेले’ आणि ‘एकूण’ यांत फारसा फरक नसतो. त्यामुळे ऑड्स रेशो हा जोखमींच्या गुणोत्तराच्या अगदी जवळ जातो. इस्पितळात गोळा केलेल्या माहितीवरून बाहेरच्या समाजातल्या जोखमीबद्दल बोलता येऊ लागलं ते या युक्तिवादामुळे. माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात सुंदर पाऊल हेच.

ऑड्सच्या लॉगरिदमला ‘लॉजिट’ हे नाव जोसेफ बर्कसन यांनी १९४४ मध्येच दिलं होतं. अनेक घटक एकत्र तपासायची गरज फ्रॅमिंगहॅमच्या हृदयविकार-अभ्यासाने पुढे आणली, आणि १९६० च्या दशकात कॉर्नफिल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे लॉजिस्टिक सूत्र वापरलं. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेटी असे घटक एकाच समीकरणात आले. प्रत्येकाचा सहगुणक म्हणजे बाकीचे घटक तेच ठेवून तो घटक एका एककाने वाढला तर लॉग-ऑड्समध्ये पडणारा फरक.

डॉल-हिल यांचा तक्ता R मध्ये घालून पाहू:

```r
d <- data.frame(smoker = c(1, 0),
                case = c(647, 2),
                control = c(622, 27))
m <- glm(cbind(case, control) ~ smoker,
         family = binomial, data = d)
coef(m)
```

smoker चा सहगुणक २.६४ येतो, आणि exp(२.६४) म्हणजे तेच १४. इंटरसेप्ट −२.६० येतो. तो म्हणजे ln(२/२७), त्यात निम्मे-निम्मे निवडीचा परिणाम भरलेला आहे, म्हणून त्यावरून कुणाची जोखीम काढायची नाही. अशा माहितीवर नेहमीचं लॉजिस्टिक रिग्रेशन चालवलं तरी बिघडतो तो फक्त इंटरसेप्ट, सहगुणक शाबूत राहतात, हे प्रेंटिस आणि पाइक यांनी १९७९ मध्ये सिद्ध केलं. (रुग्ण आणि तुलनेची व्यक्ती यांच्या जोड्या लावल्या असतील तर विश्लेषणातही त्या धराव्या लागतात, इथे मी त्या सोडल्या आहेत.)

सहगुणकाची प्रमाण त्रुटी ०.७३ आहे. ती जवळजवळ सगळी त्या एकट्या ‘२’ मुळे येते. ऑड्स रेशोचा ९५ टक्क्यांचा पट्टा त्यामुळे साधारण ३.३ ते ५९ इतका रुंद होतो. १४ हा आकडा एकटा सांगितला की ही गोष्ट झाकली जाते.

कॉर्नफिल्ड यांची ‘विरळ’ ही अट विसरली की काय होतं, ते १९९९ मध्ये दिसलं. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधल्या एका अभ्यासात डॉक्टरांना रुग्णांची भूमिका करणाऱ्या नटांच्या चित्रफिती दाखवून हृदयाच्या कॅथेटरायझेशनची शिफारस कराल का, असं विचारलं होतं. कृष्णवर्णीयांसाठी ऑड्स रेशो ०.६ आला, स्त्रियांसाठीही तेवढाच. बातम्यांत त्याचं ‘४० टक्के कमी शक्यता’ झालं. प्रत्यक्षात दोन्ही तुलनांत शिफारशीचं प्रमाण गोऱ्यांच्या किंवा पुरुषांच्या ९०.६ टक्क्यांच्या तुलनेत ८४.७ टक्के होतं. ऑड्स ९.६ आणि ५.५, म्हणून रेशो ०.६ हे बरोबरच. पण प्रमाणांचं गुणोत्तर ०.९३, म्हणजे घट ७ टक्क्यांची. दहापैकी नऊ जणांना मिळणारी शिफारस विरळ नसते, त्यामुळे तिथे ०.६ ला ऑड्सचाच आकडा म्हणून वाचायचं आणि शेजारी ८४.७ व ९०.६ हे दोन्ही आकडे द्यायचे.